चौदांपैकी नऊ म्हणजे 64 टक्के नव्हे

परिषदेतलं संशोधनाचं पोस्टर म्हणजे शोधनिबंधच, फक्त मोठ्या कागदावर, ही समजूत काही केल्या जात नाही. पण पोस्टरसमोरून जाणाऱ्याच्या एका हातात चहाचा कप असतो आणि तो थांबला तर मिनिटभर थांबतो.

एक कल्पित अभ्यास घेऊ. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था 2008 मध्ये महापालिकेशी झालेल्या करारानुसार घरोघरचा कचरा उचलू लागली. दरमहाचं शुल्क घरं थेट कचरावेचकांनाच देतात. शुल्क थकवणाऱ्या घराशी त्या कशा वागतात, हा आपला प्रश्न. कोथरूडमधल्या 14 जणींच्या मुलाखती झाल्या असं धरू.

अशा पोस्टरवर शीर्षक येतं : ‘शहरी असंघटित श्रमातील वाटाघाटींचा समाजशास्त्रीय अभ्यास’. ते वाचून कोण थांबणार? त्यापेक्षा ‘पैसे थकले तरी त्या का भांडत नाहीत?’ हा प्रश्न वर लिहावा आणि मधोमध, सगळ्यांत ठळक, उत्तर : ‘भांडलं तर त्या घरची रद्दी आणि भंगारही जाईल, असं 14 पैकी नऊजणींनी सांगितलं.’ निष्कर्ष असा साध्या वाक्यात मधोमध ठेवायची पद्धत माइक मॉरिसन या मानसशास्त्राच्या अमेरिकन संशोधकाने 2019 मध्ये लोकप्रिय केली.

दुसरा गैरसमज टक्क्यांचा. नऊजणींचे ‘64 टक्के’ केले, रंगीत वर्तुळ काढलं की काम शास्त्रीय दिसतं म्हणे. पण इथे एकीने उत्तर बदललं तरी आकडा सात टक्क्यांनी हलतो. शिवाय या चौदाजणी एकमेकींच्या ओळखीतून मिळालेल्या. त्यांच्यावरून शहराचा अंदाज बांधता येत नाही. ‘14 पैकी 9’ असंच लिहावं आणि उरलेल्या पाचजणी काय म्हणाल्या तेही सांगावं. बऱ्याचदा खरी गंमत त्या पाचांतच असते.

‘पद्धत : गुणात्मक’ एवढ्यानेही भागत नाही. बायका कशा निवडल्या, मुलाखत कुठे झाली, त्या वेळी मुकादम जवळ होता का, हे तीन ओळींत यायलाच हवं. मुकादमासमोर दिलेल्या उत्तराचं वजन वेगळं.

मजकूर पडद्यावर वाचता येतो म्हणजे भिंतीवरही येईल, असं नाही. ए-0 आकाराचं पोस्टर ए-4 कागदावर छापून पाहा. अक्षरं चौपट लहान होतात, 28 पॉइंटची सात पॉइंटची. ती सहज वाचता आली नाहीत, तर मजकूर कापा. टंक बारीक करू नका. छपाईला पीडीएफच द्या, टंक त्यात अंतर्भूत करून. नाहीतर दुकानातल्या संगणकावर जोडाक्षरं फुटतात.

आणि नाव बदललं की ओळख लपते, हेही खरं नाही. चौदाच जणी असताना ‘तीन मुलं, नवरा रिक्षाचालक, अमुक सोसायटीचं काम’ एवढ्यावरून वस्तीतलं कुणीही बाई ओळखेल. अवतरणाखाली वय आणि कामाची वर्षं, तीही ढोबळ, पुरेत.