हात धुण्याचे गाणे आणि वीस सेकंदांचा हिशेब

समजा घोडनदीकाठच्या शिरूर तालुक्यातील किंवा भीमेकाठच्या दौंड तालुक्यातील एका अंगणवाडीत आरोग्याचा कार्यक्रम आहे, आणि हात धुण्यावर गाणे रचण्याचे काम तुमच्याकडे आले आहे. समोर तीन ते सहा वर्षांची मुले बसणार. तुम्ही काय लिहाल? ‘हात धुवा, रोग टाळा’ असेच बहुतेकजण लिहितील. पण हात धुवायचे असतात हे त्या मुलांना ठाऊकच असते. किती वेळ आणि कुठे कुठे चोळायचे, हे मात्र त्यांना कळत नाही. गाण्याने नेमके तेच सांगायला हवे.

आधी वेळेचे पाहू. आपल्या कातडीवर तेलकटपणाचा पातळ थर असतो. माती आणि रोगजंतू त्याला चिकटून बसतात. तेल पाण्यात मिसळत नाही, म्हणून नुसत्या पाण्याने हा थर नीट निघत नाही. साबणाच्या रेणूचे एक टोक तेलाला धरते, तर दुसरे पाण्याला. चोळताना तेलाचे बारीक बारीक थेंब होतात, साबणाचे रेणू त्यांना चहूबाजूंनी वेढतात आणि मग पाणी त्यांना जंतूंसकट वाहून नेते. या कामाला थोडा वेळ लागतो. म्हणून साबण लावून निदान २० सेकंद हात चोळावेत असे सांगतात. हात ओले करण्यापासून कोरडे करण्यापर्यंतच्या साऱ्या कृतीला जागतिक आरोग्य संघटनेने ४० ते ६० सेकंद धरले आहेत.

लहान मुलाला सेकंद मोजता येत नाहीत, पण गाणे म्हणता येते. तेव्हा गाणे हेच त्याचे घड्याळ! हे पाहा:

तळवा तळवा घासू घासू,
फेस पांढरा लागे हासू!
हात पालथा करून चोळू,
मातीला त्या दूर पिटाळू!
बोटांमधली गल्ली झाडू,
अंगठेबुवा घोळुन काढू!
नखे खरडुया तळहातावर,
घाण पळाली बघा भराभर!

आता हिशेब करू. प्रत्येक ओळीत १६ मात्रा आहेत. चार मात्रांना एक टाळी धरली, तर ओळीला चार टाळ्या आणि आठ ओळींना ३२ टाळ्या होतात. पाच सेकंदांत आठ टाळ्या या चालीने गाणे बरोबर २० सेकंदांत संपते. तळवे, हाताची पालथी बाजू आणि नखे यांना दोन-दोन ओळी, म्हणजे पाच-पाच सेकंद मिळतात; बोटांची बेचके आणि अंगठे यांना एकेक ओळ, म्हणजे अडीच-अडीच सेकंद. तळवे आपोआपच चोळले जातात. राहून जातात ती बोटांची बेचके, अंगठे आणि नखे. म्हणूनच गाण्यात त्यांची नावे मुद्दाम घातली आहेत.

गाणे सुरू करायचे ते हात ओले करून साबण लावल्यावर. गाणे चालू असताना नळ बंद ठेवावा, म्हणजे पाणी वाया जात नाही. नळ नसेल तर ताईंनी तांब्याने वरून धार धरावी. एकाच घमेल्यात सर्वांनी हात बुडवले, तर पहिल्याची घाण शेवटच्याच्या हाताला लागते. धुतलेले हात मळक्या फ्रॉकला पुसले, तरी केलेली मेहनत फुकट जाते.

मुले रंगात आली की गाणे पळवतात आणि ते दहा-बारा सेकंदांतच संपते. यासाठी हात चोळणाऱ्या मुलाने टाळ्या वाजवू नयेत. ठेका ताईंनी धरावा. ठेक्याला आवर बसत नसेल, तर गाणे दोनदा म्हणावे.

गाणे काम करते की नाही, हे तपासता येते. खोबरेल तेलाच्या चार थेंबांत चिमूटभर हळद कालवून ती एका मोठ्या मुलाच्या दोन्ही हातांना सगळीकडे चोळा. आता साबण लावून गाणे म्हणू द्या. अंगाच्या साबणाची वडी अल्कधर्मी असते, त्यामुळे हळद लालसर होते. हळद आणि चुना यांपासून कुंकू होते, तसाच हा प्रकार. (काही पातळ साबण अल्कधर्मी नसतात, त्यांनी रंग बदलत नाही.) हात खळखळून धुतल्यावर कातडीवर फिकट पिवळी झाक सगळीकडे उरेल, तिच्याकडे लक्ष देऊ नका. गडद पिवळे पट्टे कुठे उरले ते पाहा. ते अंगठ्याच्या मुळाशी दिसले, तर अंगठ्याची ओळ घाईत म्हटली गेली असे समजा. तेवढी ओळ दोनदा घ्या आणि पुन्हा तपासा.

हळदीचा प्रयोग जंतू मोजत नाही, हात कुठे पोहोचला नाही एवढेच दाखवतो. पण गाणे सुधारायला तेवढे पुरते. तुमच्या गावच्या बोलीत दुसरे शब्द असतील तर ते खुशाल घाला. मात्र टाळ्या ३२ च भरतात ना, ते घड्याळ लावून पाहा.