पोर्शची मालकी: बाणांवरचे टक्के आणि त्यांचा गुणाकार

जर्मनीतल्या स्टुटगार्टमध्ये पोर्श नावाच्या दोन कंपन्या आहेत. एक पोर्श एजी, जी गाड्या बनवते. दुसरी पोर्श एसई, जिच्या कारखान्यातून एकही गाडी बाहेर पडत नाही, कारण तिचा मुख्य उद्योगच शेअर बाळगण्याचा आहे. या दोघींच्या मध्ये फोक्सवॅगन उभी आहे. पोर्श एसई ही फोक्सवॅगनची सर्वांत मोठी भागधारक आणि फोक्सवॅगन ही पोर्श एजीची. पुण्याजवळच्या चाकणला स्कोडा आणि फोक्सवॅगनच्या गाड्या बनतात, त्या कारखान्याच्या मालकीचा माग काढत वर गेलो तरी आपण याच पोर्श एसईच्या दारात पोचतो.

आता साधा प्रश्न असा की गाड्या बनवणाऱ्या पोर्श एजीत पोर्श एसईचा नेमका किती हिस्सा आहे? उत्तर शोधायला कागदावर तीन चौकोन काढायचे आणि मालकाकडून मालमत्तेकडे बाण ओढायचे. होल्डिंग कंपन्यांच्या वार्षिक अहवालात असाच आराखडा असतो. तो काढणे सोपे असते, खरी कसोटी बाणावर कोणता आकडा लिहायचा इथे लागते.

पोर्श एसई ते फोक्सवॅगन या पहिल्याच बाणाला दोन आकडे आहेत. पोर्श एसईकडे फोक्सवॅगनच्या मतदानाचे 53.3 टक्के हक्क आहेत, पण भांडवलातला तिचा वाटा आहे 31.9 टक्के. हा फरक पडतो कारण फोक्सवॅगनचे शेअर दोन प्रकारचे आहेत: सुमारे 29.5 कोटी सामान्य शेअर, ज्यांना मत आहे, आणि सुमारे 20.6 कोटी प्राधान्य शेअर, ज्यांना लाभांश मिळतो पण मत नाही. आकडे जुळतात का ते घरबसल्या पाहता येते. 29.5 कोटींचे 53.3 टक्के म्हणजे जवळपास 15.7 कोटी शेअर. त्यांना एकूण 50.1 कोटींनी भागले की 31.4 टक्के येतात. उरलेला अर्धा टक्का पोर्श एसईकडच्या प्राधान्य शेअरचा आहे. अहवालातला आकडा असा पायापासून तपासला की आपण कशाचे टक्के मोजतो आहोत हे पक्के होते.

हिस्सा पैशाचा मोजायचा असेल तर प्रत्येक बाणावर भांडवलाचाच आकडा हवा. फोक्सवॅगनकडे पोर्श एजीचे भांडवल 75 टक्क्यांपेक्षा किंचित जास्त आहे, आपण हिशेबासाठी 75 धरू. समजा पोर्श एजीने 100 युरो लाभांश वाटला. त्यातले 75 युरो फोक्सवॅगनला मिळतील. फोक्सवॅगनने ते जसेच्या तसे पुढे वाटले तर पोर्श एसईच्या पदरात त्या 75 चे 31.9 टक्के, म्हणजे 23.9 युरो पडतील. म्हणून टक्क्यांचा गुणाकार करायचा. प्रत्येक पायरीवर बाहेरचे भागधारक आपापला वाटा काढून घेतात आणि पुढे जातो तो उरलेल्याचा हिस्सा.

इथे थांबलो तर उत्तर चुकते, कारण आराखड्यात तिसरा बाणही आहे. सप्टेंबर 2022 मध्ये पोर्श एजीची फ्रँकफर्टच्या शेअर बाजारात नोंदणी झाली. तिचे 91.1 कोटी शेअर केले गेले, निम्मे सामान्य आणि निम्मे प्राधान्य. 911 हा आकडा कंपनीच्या सर्वांत प्रसिद्ध गाडीचा आहे, तो योगायोगाने आलेला नाही. प्राधान्य शेअरपैकी पाव भाग बाजारात विकला आणि सामान्य शेअरपैकी पाव भाग व त्यावर एक शेअर थेट पोर्श एसईने घेतला. पाव हा निम्म्याचा असल्यामुळे एकूण भांडवलात तो होतो 12.5 टक्के. ‘25 टक्के अधिक एक शेअर’ हे शब्द वाचून बाणावर 25 लिहून टाकण्याची चूक इथे अगदी सहज होते.

एकाच वाटेवरचे टक्के गुणायचे आणि वेगवेगळ्या वाटांची उत्तरे मिळवायची. फोक्सवॅगनमार्गे 23.9 आणि थेट 12.5, मिळून 36.4 टक्के.

हे बरोबर आहे का हे ठरवायची माझ्या मते एकच भरवशाची रीत आहे, ती म्हणजे पोर्श एजीच्या इतर सगळ्या मालकांचाही हिस्सा काढणे. फोक्सवॅगनचे पोर्श एसई सोडून बाकीचे भागधारक 68.1 टक्के आहेत, 75 चे 68.1 टक्के म्हणजे 51.1. बाजारातले भागधारक 12.5. त्यात पोर्श एसईचे 36.4 मिळवले की बरोबर 100 होतात. एखादी वाट राहून गेली असती किंवा दोनदा मोजली असती तर बेरीज 100 च्या अलीकडे-पलीकडे गेली असती. पहिल्या बाणावर चुकून मतांचे 53.3 लिहिले असते तर हिस्सा 52.5 टक्के दिसला असता. मग 51.1 आणि 12.5 धरून बेरीज 116 च्या वर गेली असती, आणि चूक कुठे आहे ते शोधायला आपण लगेच परत पहिल्या बाणाकडे वळलो असतो.

आणखी एक पायरी वर चढू. पोर्श एसईचेही निम्मे शेअर मताचे आणि निम्मे बिनमताचे आहेत. मताचे सगळे शेअर पोर्श आणि पिएच या घराण्यांकडे आहेत, बिनमताचे बाजारात विकले जातात. घराण्यांचा हिस्सा निम्मा धरला तर फोक्सवॅगनच्या भांडवलात तो 31.9 च्या निम्मा, म्हणजे 16 टक्क्यांच्या आसपास येतो. चाकणच्या कारखान्याच्या नफ्यावरही त्यांचा वाटा तेवढाच.

पण मतांच्या बाणांनी पाहिले तर वर पोर्श एसईवर पूर्ण ताबा आणि खाली फोक्सवॅगनमध्ये निम्म्याहून अधिक मते. ताबा मोजताना गुणाकार चालत नाही. तिथे प्रत्येक पायरीवर ‘निर्णय कोणाच्या हातात?’ एवढेच विचारत जायचे. निम्म्याहून अधिक मतेही त्या उत्तराला पुरतात असे नाही. फोक्सवॅगनची 20 टक्के मते लोअर सॅक्सनी या जर्मन राज्याकडे आहेत, आणि कंपनीच्या नियमांनुसार देखरेख मंडळावर दोन सदस्य नेमण्याचा त्याला हक्क आहे. म्हणून 53.3 टक्के मते असूनही पोर्श एसई आपल्या हिशेबात फोक्सवॅगनला उपकंपनी म्हणून दाखवत नाही. फोक्सवॅगनच्या नफ्यातला आपल्या हिश्शाचाच भाग ती धरते.

आपल्याकडे कंपनी कायदा, 2013 प्रमाणे संचालक मंडळाच्या रचनेवर ताबा असेल किंवा निम्म्याहून अधिक मते हाती असतील, स्वतःच्या किंवा उपकंपन्यांच्या साहाय्याने, तर ती उपकंपनी ठरते. समजा एका कंपनीकडे दुसरीचे 51 टक्के आहेत आणि दुसरीकडे तिसरीचे 51. तिसरीही पहिलीची उपकंपनीच झाली, जरी पैशाचा हिस्सा 26.01 टक्केच असला तरी. एकत्रित हिशेबात तिसरीची विक्री आणि मालमत्ता पूर्ण धरली जाते, आणि बाहेरच्या भागधारकांचा वाटा वेगळा दाखवला जातो. तो वाटा 49 टक्के लिहिला की घात होतो. 49 हा तिसरीच्या थेट बाहेरच्या भागधारकांचा आकडा आहे. दुसरीच्या बाहेरच्या भागधारकांचेही त्यात 49 टक्के गुणिले 51, म्हणजे 24.99 जायला हवेत. एकूण 73.99. तिसरीने 100 कोटी नफा कमावला असेल तर पहिलीच्या भागधारकांचे 26.01 कोटीच. 51 कोटी लिहिले गेले, तर 24.99 कोटी दुसऱ्या कोणाचे असतात.