तक्रारीच्या मेलवरून एकदा हात फिरवताना

शेजारच्या वहिनींच्या घरचं इंटरनेट बारा दिवस बंद होतं. नवऱ्याचं काम घरून, मुलीची प्रवेश परीक्षा तोंडावर. चौदा जूनच्या रात्री त्यांनी कंपनीला मेल लिहिला आणि पाठवण्याआधी मला वाचायला दिला. ‘फार तिखट झालाय का बघ’, म्हणाल्या.

मेल असा होता: ‘पंधरा दिवस नेट बंद आहे. तुमचा एकही माणूस इकडे फिरकलेला नाही. शेकडो वेळा फोन केले. पैसे घेताना लाज वाटत नाही का? तुम्ही सगळे चोर आहात. २४ तासांत सुरू झालं नाही तर कोर्टात खेचीन आणि तुमची अब्रू चव्हाट्यावर आणीन!!!’

असा मेल वाचताना आपली नजर आधी ‘चोर’वर जाते. तो शब्द काढायलाच हवा, पण खरं नुकसान त्याआधीच्या तीन वाक्यांनी केलं होतं. राग आला की माणूस आकडे फुगवतो. नेट बंद पडलं ३ जूनला, म्हणजे दिवस बारा, पंधरा नव्हे. फोन पाच झाले होते. आणि माणूस आला होता! सहा जूनला तंत्रज्ञ येऊन गेला, मोडेमवरचा लाल दिवा पाहून ‘वायर बाहेर कुठेतरी तुटली आहे’ म्हणाला, आणि त्याच संध्याकाळी कंपनीने ‘तक्रार सोडवली’ असा एसएमएस पाठवून तक्रार बंद केली. वहिनींच्या हातातला सगळ्यात पक्का मुद्दा हाच होता आणि मेलमध्ये त्याचा पत्ता नव्हता. उलट ‘एकही माणूस फिरकलेला नाही’ या वाक्यावर कंपनीला एका ओळीत उत्तर देता आलं असतं: आमचा तंत्रज्ञ ६ जूनला येऊन गेल्याची नोंद आहे. पुढचं सगळं मग खोट्यात जमा.

हा मेल पुढे कोण कोण वाचणार, हेही डोळ्यांपुढे ठेवावं लागतं. पहिला वाचणारा मदतकक्षातला एखादा मुलगा किंवा मुलगी. वायर त्यांनी तोडलेली नसते, ‘तुम्ही सगळे चोर’ मात्र त्यांनाच ऐकावं लागतं. तिथे काम झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. त्याला पैसे लागत नाहीत आणि नियमाप्रमाणे ३९ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. त्याहीपुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. दूरसंचार कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ग्राहक मंचांपुढे चालतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली स्पष्ट केलं आहे. तिथे आपला मेल पुरावा म्हणून लागतो, आणि शिवीगाळही त्याच कागदावर असते.

म्हणून ‘कोर्टात खेचीन’ काढून खरी पुढची पायरी लिहिली. ‘अब्रू चव्हाट्यावर’ तर गेलंच. जे आपण करणार नाही ते लिहिलं की जे करणार आहोत त्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही. ‘लाज वाटत नाही का’ या प्रश्नाला कंपनीकडून उत्तर येण्यासारखं नाही. त्याजागी ज्याला उत्तर द्यावंच लागेल असा प्रश्न टाकला.

पहिल्या दुरुस्तीत वहिनी दुसऱ्या टोकाला गेल्या होत्या: ‘कृपया जमल्यास लक्ष घालावे, तसदीबद्दल क्षमस्व.’ हे मला रागापेक्षाही वाईट वाटलं. पैसे भरलेल्या माणसाने क्षमा कशाची मागायची? सूर खाली आणायचा म्हणजे मागणी खाली आणायची नाही.

शेवटी गेला तो मेल असा:

‘३ जूनपासून आमचं इंटरनेट बंद आहे. आजचा बारावा दिवस. पाच वेळा फोन केला. तारखा आणि तक्रार क्रमांक खाली दिले आहेत. ६ जूनला आपला तंत्रज्ञ आला, बाहेरची वायर तुटल्याचं त्याने सांगितलं, पण दुरुस्ती न होताच त्या संध्याकाळी तक्रार बंद झाली. ती कोणत्या आधारावर बंद केली, ते लेखी कळवावं. या बारा दिवसांत घरून चालणारं काम आणि मुलीचा परीक्षेचा अभ्यास दोन्ही अडलं, याचा मला अतिशय संताप आहे. १७ जूनपर्यंत जोडणी सुरू करावी आणि ९४३ रुपयांच्या मासिक बिलातून बारा दिवसांचे ३७७ रुपये वजा करावेत. तसं न झाल्यास मी अपील प्राधिकरणाकडे जाईन.’

संतापाचं वाक्य मी मुद्दाम ठेवायला लावलं. त्यात त्या स्वतःबद्दल बोलतात, कोणावर आरोप करत नाहीत, आणि कारण आधीच सांगितलेलं असल्यामुळे ते पोकळ वाटत नाही. मेलचा विषय आधी ‘अत्यंत घाणेरडी सेवा’ असा होता. तिथे आता ग्राहक क्रमांक, तक्रार क्रमांक आणि ‘३ जूनपासून जोडणी बंद’ एवढंच आलं. सोबत ६ तारखेच्या एसएमएसचा आणि मोडेमच्या लाल दिव्याचा फोटो जोडला.