आकडा बरोबर, शीट चुकलेली: पी-व्ही सायकल कशी तपासायची?

हा भाग ऐकताना आकृती दिसत नाही, म्हणून त्याचा मजकूर इथे देतोय. एक कागद आणि पेन जवळ घ्या, आकृती दोन मिनिटांत काढून होते.

अकरावीतल्या एका श्रोत्याने सोडवलेल्या शीटचा फोटो पाठवला होता. प्रश्न साधा आहे. आदर्श वायू तीन टप्प्यांच्या सायकलमधून जातो. प्रत्येक टप्प्यात वायूने किती कार्य केलं आणि पूर्ण सायकलमध्ये किती? त्याने आकृती हाताने काढली होती आणि शेवटी चौकटीत उत्तर लिहिलं होतं, −४०० जूल. आन्सर कीमध्ये होतं +४००. त्याचं म्हणणं, "दादा, आकडा तर आलाय, फक्त साईन चुकलं ना?"

नाही ना! त्या ४०० च्या पोटात आणखी दोन चुका लपल्या होत्या, आणि त्या एकमेकींना झाकत होत्या. म्हणून अशी शीट तपासताना उत्तराकडे सगळ्यात शेवटी बघायचं.

आधी आकृती काढूया. आडव्या अक्षावर व्हॉल्यूम लिटरमध्ये, उभ्या अक्षावर प्रेशर किलोपास्कलमध्ये. बिंदू A म्हणजे २ लिटर, १०० किलोपास्कल. B त्याच्या बरोबर वर, २ लिटर, ३०० किलोपास्कल. C उजवीकडे खाली, ६ लिटर, १०० किलोपास्कल. A वरून B, B वरून तिरक्या सरळ रेषेने C, आणि C वरून आडवं परत A. झाला त्रिकोण. युनिटचं एक सुख आहे, एक किलोपास्कल गुणिले एक लिटर म्हणजे बरोबर एक जूल. त्यामुळे इथे दहाचे घात सांभाळत बसायची गरज नाही.

आता पहिली नजर अक्षांवर. कुठल्या अक्षावर काय आहे, आणि अक्ष शून्यापासून सुरू होतोय का? या पोराने कागद वाचवायला प्रेशरचा अक्ष थेट १०० पासून सुरू केला होता. म्हणजे त्रिकोणाचा पाया, CA ही रेषा, नेमकी आडव्या अक्षावर बसली. चूक इथूनच सुरू झाली.

एका टप्प्याचं कार्य म्हणजे त्या रेषेखालचं क्षेत्रफळ, पण ते शून्य प्रेशरपर्यंत मोजायचं असतं, कागदावर अक्ष जिथे काढलाय तिथपर्यंत नाही. त्याने BC खाली फक्त त्रिकोण पाहिला आणि ४०० लिहिलं. CA खाली काहीच दिसलं नाही, म्हणून शून्य लिहिलं. AB मध्ये व्हॉल्यूम बदलत नाही, तिथे शून्य बरोबरच आहे. बेरीज आली ४००.

खरे आकडे बघा. BC वर प्रेशर ३०० वरून १०० वर सरळ रेषेत उतरतं, म्हणजे सरासरी २००. व्हॉल्यूम ४ लिटरने वाढतं. म्हणून कार्य +८०० जूल. CA वर प्रेशर १०० वर स्थिर आहे आणि व्हॉल्यूम ४ लिटरने कमी होतं. म्हणून कार्य −४०० जूल. एकूण ८०० वजा ४००, म्हणजे +४००.

दोन्ही हिशोबांत बेरीज तीच का आली? कारण BC आणि CA या दोन्हींखालची १०० किलोपास्कलची पट्टी सारखीच आहे. एकदा ती अधिक होते, एकदा वजा, आणि कटते. बंद सायकलच्या आतल्या क्षेत्रफळाला अक्ष कुठून सुरू झाला याने काही फरक पडत नाही, पण एकेका टप्प्याला पडतो. म्हणूनच "आतलं क्षेत्रफळ जुळलं, सगळं बरोबर" असं म्हणता येत नाही. पुढचा प्रश्न BC मध्ये दिलेल्या उष्णतेचा असता तर गडी अडकला असता. B आणि C ला PV ६००च आहे, म्हणजे तापमान सारखं आणि आंतरिक ऊर्जेतला फरक शून्य. उष्णता तिथे ८०० जूल येते. त्याच्या आकड्यांनी ४०० आली असती.

आता दिशा. नुसत्या त्रिकोणाला साईन नसतं, साईन बाणांतून येतं. वायू वरच्या रेषेवरून उजवीकडे जातोय, म्हणजे जास्त प्रेशरला पसरतोय, आणि खालच्या रेषेवरून कमी प्रेशरला दाबला जातोय. मिळतं जास्त, खर्च होतं कमी. म्हणून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरणारी सायकल धन कार्य देते. हे इंजिन झालं. उलट फिरली तर कार्य आपल्याला करावं लागतं, फ्रिजसारखं.

पण हा नियम प्रेशर उभ्या आणि व्हॉल्यूम आडव्या अक्षावर असेल तेव्हाच चालतो. पेपर काढणारे कधीकधी अक्ष मुद्दाम उलटे देतात. तेव्हा काट्याच्या दिशेने फिरणारी सायकल ऋण होते. म्हणून घड्याळावर विसंबण्यापेक्षा दर बाणाला एकच प्रश्न विचारा: इथे व्हॉल्यूम वाढतंय की कमी होतंय? वाढतंय तर वायूचं कार्य धन, कमी होतंय तर ऋण.

मग त्याच्याकडे शेवटी वजा कुठून आला? केमिस्ट्रीतून! एनसीईआरटीच्या अकरावीच्या फिजिक्समध्ये पहिला नियम ΔQ = ΔU + ΔW असा आहे, तिथे W म्हणजे वायूने केलेलं कार्य. केमिस्ट्रीत तोच नियम ΔU = q + w असा येतो, आणि तिथे w म्हणजे वायूवर झालेलं कार्य. दोन्ही बरोबर आहेत, फक्त चिन्हं उलट. त्याने बेरीज वायूच्या बाजूने केली आणि शेवटी सवयीने केमिस्ट्रीचा वजा लावला. प्रश्नात "वायूने केलेलं" असं स्पष्ट होतं, म्हणून उत्तर +४००. "वायूवर केलेलं" असतं तर −४०० बरोबर ठरलं असतं. शीटच्या वरच एक ओळ लिहून ठेवा, W कोणाचं धरलंय ते. मधे बदलायचं नाही.

हाताने काढलेल्या आकृतीत अजून एक जागा तपासा: BC सरळ आहे की वाकलेली? B आणि C चं तापमान सारखं दिसलं की काही जण तो टप्पा समतापी धरतात आणि लॉगचं सूत्र लावतात. त्याने BC चं कार्य 600 ln 3, म्हणजे सुमारे ६५९ जूल येतं आणि सायकलचं सुमारे २५९. पण समतापी वक्र या सरळ रेषेच्या खालून जातो. सरळ रेषेच्या मधोमध, ४ लिटर आणि २०० किलोपास्कलला, PV ८०० होतं. म्हणजे वाटेत तापमान वाढून परत उतरतं. हाताची रेघ जरा वाकडी आली तर प्रश्नातले शब्द प्रमाण धरायचे. "सरळ रेषेने" म्हटलंय ना, मग सरासरी प्रेशर.

आता याच त्रिकोणाचे बाण उलटे करा: A वरून C, C वरून B, B वरून A. आकडे आपणच लिहा, मग खाली बघा. AC ला +४००, CB ला −८००, BA ला शून्य. एकूण −४००. आकृती तीच, क्षेत्रफळ तेच, पण आता तो फ्रिज झाला.