डोकं वर काढण्याचा हक्क

१९१५ साली फ्रान्समधल्या ब्रिटिश खंदकांत जर्मन स्नायपरांची सत्ता चालत होती. एकाच पलटणीची एका दिवसात अठरा माणसं त्यांच्या गोळ्यांना बळी पडल्याची नोंद मेजर हेस्केथ-प्रिचर्ड यांनी केली आहे. प्रिचर्ड मूळचे शिकारी, प्रवासी आणि हॅम्पशायरचे क्रिकेटपटू. आघाडीवर आल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की दुर्बीण बसवलेल्या बंदुका ब्रिटिशांकडेही आहेत. पण ज्यांच्या हाती त्या दिल्या, त्यांना त्या वापरायला कुणी शिकवलेलंच नाही. दुर्बिणीची मांडणी जरा हलली, की गोळी भलतीकडे जाई आणि शिपायाला त्याचा पत्ताही नसे.

दुसरी चूक खंदकाच्या कडेची. ब्रिटिश ती फावड्यानं ठोकून सपाट ठेवत, त्यामुळे वर आलेली टोपी लगेच उठून दिसे. जर्मनांची कड ओबडधोबड होती, पोती वेगवेगळ्या रंगांची. त्या पसाऱ्यात झरोका नेमका कुठला, हे ओळखणं कठीण जाई.

लपलेला नेमबाज हुडकायला प्रिचर्ड यांनी कागदाच्या लगद्याचं डोकं वापरलं. ते काठीवर बसवून, फळीच्या खाचेतून कडेवर सरकवायचं. गोळी लागली, की जखमी माणसासारखं झटकन खाली घ्यायचं. पुढून शिरलेल्या आणि मागून निघालेल्या गोळीची दोन भोकं उरत. मग डोकं पुन्हा नेमक्या त्याच उंचीवर धरून, मागच्या भोकातून पुढच्या भोकाकडे पेरिस्कोपनं पाहायचं. ती रेघ जिथे पोचेल, तिथे नेमबाज. उंची जराशी चुकली, तर रेघ दुसऱ्याच झुडपावर जाई.

ऑगस्ट १९१६ मध्ये लिंगेम इथे त्यांनी शाळा काढली. नुसता अचूक नेम तिथे पुरेसा नव्हता. निशाणबाजीच्या स्पर्धेत लक्ष्य ठरलेल्या जागी उभं असतं. इथे ते आधी शोधायचं होतं. म्हणून वाऱ्याचा अंदाज आणि नकाशावाचनाबरोबरच दुर्बिणीतून सतत बघत राहण्याची सवय लावली जाई. माणसं जोडीनं काम करत, एक निरीक्षक आणि एक नेमबाज. दुर्बिणीला लावलेला डोळा लवकर थकतो, म्हणून दोघं आळीपाळीनं जागा बदलत. स्कॉटलंडच्या डोंगरांत हरणांवर नजर ठेवण्यात मुरलेले लोव्हट स्काउट्स या कामात सर्वांत सरस ठरले, याचं मला मुळीच आश्चर्य वाटत नाही.

अशा सतत बघण्याचं फळ एकदा असं मिळालं: जर्मन खंदकाच्या कडेवर एक मांजर रोज ऊन खात बसलेलं दिसे. त्यावरून जवळच अधिकाऱ्यांचा तळघरातला तळ असावा, असा तर्क निरीक्षकांनी केला. विमानातून घेतलेल्या छायाचित्रांनी तो खरा ठरवला आणि तोफखान्यानं तो तळ उडवला.

नेमबाजामुळे शत्रूचं होणारं खरं नुकसान मात्र वेगळंच असतं. ज्याला डोकं वर काढता येत नाही, त्याला समोर काय चाललंय हे दिसत नाही. दिवसा पाणी आणणं, कोसळलेली कड सावरणं, जखमीला हलवणं, सगळं अंधारावर ढकलावं लागतं. नेमबाज त्या दिवशी तिथे नसला तरी कुणी उभं राहत नाही, कारण तो नाही हे कळायला कुणाला तरी आधी डोकं वर काढावं लागतं.