टायर विकले नव्वद, मागणी गेली चारशेवीसची

15 ऑगस्ट 2025 रोजी लाल किल्ल्यावरून करकपातीचे सूतोवाच झाले, 3 सप्टेंबरला जीएसटी परिषदेने निर्णय घेतला आणि घटस्थापनेच्या दिवशी, म्हणजे 22 सप्टेंबर 2025 रोजी, नवे दर अंमलात आले. ट्रॅक्टरवरील कर 12 टक्क्यांवरून 5 वर, आणि ट्रॅक्टरच्या टायरवरील 18 वरून 5 वर उतरला. दर उतरणार हे कळल्यावर कोणते शहाणे गिऱ्हाईक त्या मधल्या पाच आठवड्यांत टायर घेईल? ज्यांचे चालण्यासारखे होते ते थांबले. आणि दुकानदारानेही, जुन्या मालावर भरलेल्या 18 टक्के कराची वजावट 5 टक्क्यांच्या विक्रीतून लवकर फिटणार नाही हे ओळखून, हात आखडता घेतला. त्यात सातारा-सांगली पट्ट्यात उसाचा गाळप हंगाम तोंडावर आलेला. करकपातीचे अर्थकारण पुष्कळांनी लिहिले आहे. परंतु पाच आठवड्यांच्या या खोळंब्याने दुकान, वितरक आणि कारखाना या साखळीत काय उलथापालथ होते, हा विषय मला अधिक मनोवेधक वाटतो.

माल किती मागवावा, या प्रश्नाचे अभिजात उत्तर फोर्ड व्हिटमन हॅरिस या अमेरिकन अभियंत्याने 1913 साली ‘फॅक्टरी’ नावाच्या मासिकात दिले. या गृहस्थाविषयी मला विशेष आदर आहे. महाविद्यालयाची पायरी न चढता त्याने हे गणित मांडले, पुढे तो पेटंटचा वकील झाला, आणि त्याचा मूळ लेख विस्मृतीत जाऊन श्रेय बराच काळ विल्सन नामक सल्लागाराच्या नावावर जमा होत राहिले. 1990 च्या सुमारास संशोधकांनी तो लेख पुन्हा उजेडात आणला तेव्हा कुठे हिशेब चुकता झाला.

हॅरिसचे म्हणणे असे की, प्रत्येक मागणीमागे काही खर्च ठरलेला असतो आणि गोदामात पडून राहणाऱ्या प्रत्येक नगामागेही खर्च असतो. हे दोन्ही ज्या प्रमाणावर समसमान होतात तेवढाच माल एका वेळी मागवावा. सांगलीतील एका काल्पनिक दुकानाचा जमाखर्च मांडू. वर्षाला ट्रॅक्टरचे 720 टायर खपतात. एका मागणीमागे भाडे, हमाली व कारकुनी मिळून 2000 रुपये पडतात. आणि दहा हजारांचा एक टायर वर्षभर ठेवण्यास व्याज, जागा व विमा धरून 1800 रुपये लागतात. मागणीच्या खर्चाची दुप्पट वार्षिक खपाने गुणून, ठेवणावळीने भागून वर्गमूळ काढले की उत्तर येते 40 टायर. वर्षाला अठरा मागण्या, त्यांचे 36,000 रुपये, सरासरी वीस टायर शिल्लक, त्यांचेही 36,000, एकूण 72,000.

या सूत्राचे सौंदर्य त्याच्या अचूकपणात नसून त्याच्या सहनशीलतेत आहे. दुकानदाराने चाळीसऐवजी साठ मागवले तरी खर्च 78,000 वर जातो, म्हणजे दीडपट चुकूनही भुर्दंड सुमारे सव्वाआठ टक्क्यांचाच. म्हणूनच केवळ या खर्चाच्या तराजूत निरनिराळी साठा-प्रतिमाने तोलणारे लोक बहुधा दोन-चार टक्क्यांवरून वाद घालीत बसतात, आणि खरा फरक त्यांच्या दृष्टीआड राहतो. सूत्राने गृहीत धरले आहे की खप वर्षभर सारखा राहील. सप्टेंबराने नेमके तेच गृहीत मोडले.

आता तेच दुकान घ्या. महिन्याला 60 टायर खपतात, आणि मागवलेला माल पुढच्या महिन्यात येतो. मालकाचा नियम सरळ आहे: गेल्या महिन्यात जेवढे विकले त्याच्या दुप्पट माल, गोदामात व वाटेवर मिळून, असावा, तूर्त तो 120 आहे. सप्टेंबरात लोक थांबले आणि विक्री 30 वर आली. शिल्लक 90, हवेत फक्त 60. म्हणून त्याने काहीच मागवले नाही. ऑक्टोबरात थांबलेले गिऱ्हाईक परतले, विक्री 90 झाली, गोदाम रिकामे झाले आणि नियमाप्रमाणे हवेत 180. त्याने 180 मागवले. नोव्हेंबरात विक्री पूर्ववत 60, शिल्लक 120, हवेतही 120. मागणी पुन्हा शून्य. विक्रीचा क्रम तीस, नव्वद, साठ; मागणीचा क्रम शून्य, एकशेऐंशी, शून्य. बेरीज दोहोंची सारखीच.

वितरकाला मात्र गिऱ्हाईक दिसत नाही, दुकानाची मागणी दिसते. त्याचाही नियम तोच असेल, तर सप्टेंबरात तो काहीच मागवीत नाही. ऑक्टोबरात 120 टायरांच्या साठ्यावर 180 ची मागणी आदळते, साठ टायरांची तूट पडते, आणि ती भरून 360 चा साठा उभारण्यासाठी तो कारखान्याकडे 420 टायर मागतो. मुठीपाशी झालेली लहानशी हालचाल चाबकाच्या टोकाशी फटकारा होते, तसा हा प्रकार असल्याने शास्त्रात याला बुलव्हिप इफेक्ट म्हणतात. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, वितरकाच्या वहीत तूट असताना दुकानात एकही गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परतले नाही. पण ‘माल मिळत नाही’ ही बातमी दुकानदाराला कळली की तो पुढल्या खेपेस हवे त्याहून अधिक मागतो, आणि कागदावरची टंचाई खरी भासू लागते. ली, पद्मनाभन व व्हांग या तिघांनी 1997 मध्ये या विकाराची चार कारणे सांगितली: ताज्या विक्रीवरून बांधलेले अंदाज, गठ्ठ्याने मागणी, किमतीतील चढउतार आणि टंचाईच्या धास्तीने फुगवलेल्या मागण्या. यांतले दुसरे कारण म्हणजे हॅरिसचीच शिकवण: दुकानाला किफायतशीर असलेला चाळीसाचा गठ्ठा वितरकाला मात्र ‘आज चाळीस, मग वीस दिवस काहीच नाही’ असा दिसतो.

तेव्हा प्रतिमानांची तुलना करायची तर एकाच विक्रीच्या नोंदीवर ती सर्व चालवून तीन गोष्टी पाहाव्यात: खर्च किती, माल कितीदा संपला, आणि मागणीची अस्थिरता विक्रीच्या अस्थिरतेच्या किती पट झाली. आपल्याच दुकानदाराने एका महिन्याऐवजी तीन महिन्यांची सरासरी धरली असती, तर त्याच्या मागण्या दहा, एकशेदहा, साठ अशा निघाल्या असत्या. सप्टेंबर हा अपवाद आहे हे ओळखून 120 चा अंक न हलवता, तर तीस, नव्वद, साठ. तिन्ही रीतींत माल कधीच कमी पडत नाही, पण वितरकाच्या वाट्याला येणारा हेलकावा अगदी भिन्न. स्थिर अंकाची रीत मात्र खप खरोखरच कायमचा वाढला तर उशिरा जागी होते, हा तिचा दोष विसरता कामा नये.

या सिद्धांताचा बाऊ करणाऱ्यांनी एक इशाराही लक्षात ठेवावा. कॅशॉन, रँडॉल व श्मिट यांनी 2007 मध्ये अमेरिकेच्या उद्योगांची आकडेवारी तपासली, तेव्हा हा फटकारा घाऊक व्यापारात ठळक दिसला, किरकोळ व्यापारात सामान्यतः दिसला नाही आणि बहुतेक कारखानदारीतही नाही. हंगामी चढउतार आकड्यांतून वगळले की चित्र पालटते. ऊसपट्ट्यात तर हंगाम हाच मुख्य चढउतार आहे. तो वगळायचा की ठेवायचा, हे न सांगता कोणी गुणोत्तर दाखवले तर ते मान्य करू नये.

माझे मत विचाराल तर या भागात अंदाज बांधण्याचे सूत्र सुधारण्यापेक्षा अंदाजाची गरजच कमी करणे सोपे आहे. रेठऱ्याचा कृष्णा असो की साखराळ्याचा राजारामबापू, साखर कारखाने गाळपापूर्वीच तोडणी-वाहतुकीचे करार करतात, उचल देतात. म्हणजे येत्या हंगामात किती ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्त्यावर येणार, याचा दस्तऐवज त्यांच्याच शेती खात्याच्या दप्तरी आधीच पडून असतो. टायर-वितरकाने दुकानदारांच्या मागण्यांवर विसंबण्याऐवजी तो एक आकडा आणि दुकानांच्या रोजच्या विक्रीच्या नोंदी मागून घेतल्या, तर चारशेवीसची मागणी टायरच्या कारखान्याकडे पाठवण्याची पाळी त्याच्यावर क्वचितच येईल.