कौशल्य-मूल्यांकन, स्थलांतरार्थ

परदेशात कुशल कामगार म्हणून कायम वास्तव्यासाठी जाऊ इच्छिणाऱ्या व्यक्तीचे शिक्षण व कामाचा अनुभव यजमान देशातील त्या व्यवसायाच्या दर्जास उतरतात किंवा नाही, हे ठरविण्याची प्रक्रिया. इच्छुकांना गुण देऊन निवडण्याची पद्धत कॅनडाने १९६७ मध्ये सुरू केली; ऑस्ट्रेलियाने १९७९ मध्ये तिचा अवलंब केला. कौशल्य-मूल्यांकन व गुणदान या दोन प्रक्रियांचा संबंध ऑस्ट्रेलियाच्या व्यवस्थेत विशेष स्पष्टपणे दिसतो.

तेथे मूल्यांकनाचे काम व्हिसा देणारे खाते स्वतः करीत नाही. प्रत्येक व्यवसायासाठी मान्य संस्था नेमलेल्या असतात. अभियंत्यांसाठी एंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया आणि संगणक व्यावसायिकांसाठी ऑस्ट्रेलियन कॉम्प्युटर सोसायटी या अशा संस्था होत. मूल्यांकन अनुकूल नसेल, तर निमंत्रणावर आधारित गुणपद्धतीच्या व्हिसाचा मार्गच बंद होतो. गुण मात्र शासकीय कोष्टकानुसार मिळतात. उमेदवाराचे वय २५ ते ३२ असल्यास ३० गुण, ३३ ते ३९ असल्यास २५. पदवीला १५ गुण. परदेशातील अनुभवास तीन वर्षांनंतर ५, पाच वर्षांनंतर १० आणि आठ वर्षांनंतर १५ गुण असतात. हा अनुभव निमंत्रणापूर्वीच्या दहा वर्षांतील, सवेतन आणि आठवड्यास किमान २० तासांचा असावा लागतो. २०१८ पासून किमान पात्रता ६५ गुणांची आहे. परंतु निमंत्रणे अधिक गुणांच्या उमेदवारांना आधी जात असल्याने तेवढ्यावर भागतेच असे नाही.

अनुभवाची वर्षे मोजताना बहुतेकांचा हिशोब चुकतो. नेमणुकीच्या पहिल्या दिवसापासूनची सर्व नोकरी जमेस धरली जाईल, अशी त्यांची समजूत असते. वस्तुतः व्यक्ती ज्या दिवशी ‘कुशल’ ठरते, त्या दिवसानंतरचाच काळ धरला जातो. संगणक संस्थेच्या २०२४ मधील नियमांनुसार व्यवसायाशी निकटचा संबंध असलेली संगणकशास्त्राची पदवी असेल, तर गेल्या दहा वर्षांतील दोन वर्षांचा अनुभव पात्रतेसाठी खर्ची पडे. पदवी संगणकेतर विषयाची असल्यास सहा वर्षे खर्ची पडत. एकच वर्ष पात्रता सिद्ध करण्यासाठी आणि गुण मिळविण्यासाठी असे दोनदा वापरता येत नाही. मूल्यांकनपत्रात म्हणूनच अमुक महिन्यानंतरची नोकरी कुशल समजावी, असे नमूद केलेले असते.

पुण्यातील एका काल्पनिक सॉफ्टवेअर अभियंत्याचे उदाहरण घेता येईल. जन्म सप्टेंबर १९९४, संगणक अभियांत्रिकीची पदवी जून २०१६, नोकरी जुलै २०१६ पासून अखंड. जुलै २०२४ मध्ये आठ वर्षे भरल्याने त्याने अनुभवाचे १५ गुण धरले. वयाचे ३०, पदवीचे १५, इंग्रजीचे १० व अविवाहित म्हणून १० मिळून त्याची बेरीज ८० झाली. प्रत्यक्षात त्याची कुशल नोकरी जुलै २०१८ पासून सुरू होते. अनुभव सहा वर्षांचा व गुण १० ठरतात आणि बेरीज ७५ वर येते. ८० गुणांच्या दाव्यावर निमंत्रण स्वीकारून त्याने अर्ज केला, तर सिद्ध गुण निमंत्रणातील संख्येपेक्षा कमी भरल्यामुळे तो नाकारला जातो. ७५ हे ६५ पेक्षा जास्त आहेत, या युक्तिवादाचा उपयोग होत नाही. पूर्ण १५ गुण त्याला जुलै २०२६ मध्ये मिळू शकतात. परंतु सप्टेंबर २०२७ मध्ये वयाची ३३ वर्षे पूर्ण होताच वयाचे ५ गुण जातात. म्हणजे मधल्या सुमारे चौदा महिन्यांतच त्याची बाजू सर्वांत भक्कम असते. हाच गृहस्थ यंत्र अभियांत्रिकीचा पदवीधर असता, तर जुलै २०२४ मध्ये त्याची अवघी दोन वर्षे उरली असती व अनुभवाचे गुण शून्य झाले असते.

कोणती नोकरी जमेस धरावी, हे पदनामावरून ठरत नाही. कामाचे स्वरूप व्यवसायांच्या अधिकृत वर्गीकरणातील वर्णनाशी जुळावे लागते. म्हणून मालकाच्या पत्रात नोकरीच्या तारखा, ती पूर्णवेळ की अर्धवेळ आणि प्रत्यक्ष कर्तव्ये हवीत. भारतातील कंपन्यांचे अनुभवपत्र बहुधा पदनाम व तारखा एवढ्यावरच थांबते, आणि अनेकांचे घोडे येथेच अडते. अशा वेळी वरिष्ठ वा सहकारी यांचे शपथपत्र आणि त्यासोबत वेतनपत्रके, फॉर्म १६ किंवा भविष्यनिर्वाह निधीचे उतारे जोडावे लागतात. कर्तव्ये वर्गीकरणातून शब्दशः उतरविलेली असली, तर तपासनीसास ती चटकन ओळखू येतात व पत्राची विश्वसनीयता घटते.

संस्थेचा निर्णय हे तज्ञांचे मत असते. गुण देण्याचा अंतिम अधिकार व्हिसा अधिकाऱ्याचा असून नोकरीचे पुरावे तो स्वतंत्रपणे तपासू शकतो. मूल्यांकनपत्रावर वेगळी मुदत नसेल, तर ते दिल्याच्या तारखेपासून तीन वर्षे ग्राह्य असते.